किमतीत दडलेली चंचलता

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात जून २००१मध्ये निफ्टी निर्देशांकावरील ऑप्शनचे व्यवहार सुरू झाले. अशा बाजारात ऑप्शनची किंमत दिसते. भावी चढउतारांचा जो अंदाज तीत गृहीत असतो, तो मात्र दिसत नाही. ब्लॅक व शोल्स यांच्या १९७३च्या सूत्रात चंचलता घातली की किंमत निघते. उलट वाटेने नेणारे तसे सरळ सूत्र नाही. म्हणून अंदाज करावा, ताडून पाहावा आणि सुधारावा लागतो.

समजा, शेअरचा भाव १०० रुपये, खरेदीच्या हक्काची ठरीव किंमतही १००, मुदत तीन महिने, व्याज शून्य आणि ऑप्शनचा भाव ५ रुपये आहे. वार्षिक चंचलता २० टक्के धरल्यास सूत्र ३.९९ रुपये देते, म्हणजे १.०१ रुपया कमी. येथे चंचलता एका टक्क्याने वाढली की किंमत सुमारे २० पैशांनी वाढते. तेव्हा आणखी ५ टक्के हवेत. २५ टक्क्यांना ४.९८ रुपये येतात. उरलेल्या दोन पैशांसाठी ०.१ टक्का वाढविला की उत्तर २५.१वर स्थिरावते. हीच न्यूटनची रीत.

परंतु ठरीव किंमत १३० आणि भाव ५० पैसे असेल, तर २० टक्क्यांपाशी एका टक्क्याने पैसाही वाढत नाही. भागाकार फुगतो आणि पुढचा अंदाज ८७वर उडी घेतो. खरे उत्तर ३४च्या आसपास असते. अशा वेळी १० आणि १०० टक्के या टोकांमधील अंतर दर फेरीस निम्मे करावे. चंचलतेबरोबर किंमत वाढतच जात असल्याने उत्तर निसटत नाही.