दुभाष्यासाठी थांबणारी ओळ



अध्यक्षपदावरून संपूर्ण ख्रिस्ती साहित्याचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. मी मात्र एकाच लेखनप्रकारापुरते बोलणार आहे. मराठी उपदेशकाला परप्रांतातल्या मंडळीत बोलावतात, शेजारी दुभाषी उभा राहतो आणि प्रत्येक वाक्याचे इंग्रजी करून सांगतो. अशा वेळी आपण बहुधा नेहमीचाच उपदेश थोडा कापून नेतो. माझे म्हणणे असे की, तो कापून भागत नाही, नव्याने लिहावा लागतो. दुभाष्यामार्फत द्यायच्या उपदेशाचे एकक परिच्छेद नव्हे, ओळ आहे, आणि ती कुठे तोडायची हा निर्णय दुभाष्याचा नसून लिहिणाऱ्याचा आहे.

ही अट नवी नाही. सभास्थानात हिब्रू शास्त्रपाठ वाचला जाई आणि शेजारी उभा असलेला भाषांतरकार तो अरामी भाषेत सांगे. मिश्नाच्या मगिल्ला या प्रकरणात त्याचा नियमच घालून दिला आहे. नियमशास्त्र वाचताना भाषांतरकाराला एका वेळी एकाच वचनापर्यंत द्यावे. संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचताना तीन वचनांपर्यंत चालेल. पण ती तीन वचने तीन वेगळे परिच्छेद असतील तर तिथेही एकेकच वाचावे. शेवटची अट नीट पाहण्याजोगी आहे. नियम करणाऱ्यांनी केवळ लांबी मोजली नाही. जिथे अर्थ पुरा होतो तिथे थांबायचे, हे त्यांनी ठरवले. आपण ‘लहान वाक्ये बोला’ एवढाच सल्ला देतो, तो म्हणूनच अपुरा आहे. ‘त्या बापाने…’ एवढे म्हणून थांबणे हे लांब वाक्यापेक्षाही वाईट, कारण दुभाष्याच्या हाती विधानच पडत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला ही अडचण विशेष जाचते, कारण आपले क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा त्याच्याबरोबर शेवटीच. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या मुलावर लिहिताना आपल्या लेखणीतून सहज असे वाक्य उतरते: ‘घर सोडून गेलेल्या, वाटणीचं सगळं उधळून बसलेल्या आणि आता चाकर म्हणून तरी ठेवून घ्या असं म्हणायला परत निघालेल्या त्या मुलाला दुरूनच पाहून बाप दारात थांबला नाही.’ मराठी कानाला यात काही खटकत नाही. पण इंग्रजी करणाऱ्याला आधी कर्ता हवा आणि लगेच क्रियापद हवे. ‘बाप’ सापडेपर्यंत त्याला वीसहून अधिक शब्द डोक्यात धरावे लागतात, आणि बापाने काय केले नाही हे तर अगदी शेवटच्या शब्दावर कळते. मध्येच ‘मुलाला’ पाशी आपण श्वास घेतला, तर तो बिचारा नुसता आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. हेच असे लिहून पाहा:

मुलगा घर सोडून गेला होता.
वाटणीचं सगळं त्याने उधळलं.
आता मुलगा परत निघाला.
चाकर म्हणून ठेवा, एवढंच त्याला म्हणायचं होतं.
बापाने त्याला दुरून पाहिलं.
बाप दारात थांबला नाही.
बाप धावला.

शेवटच्या ओळीत ‘तो धावला’ असे का लिहिले नाही? सलग मराठीत ‘तो’ पुरला असता. इथे दोन मराठी ओळींच्या मध्ये एक इंग्रजी ओळ जाते. तेवढ्या काही सेकंदांत सर्वनामाचा धागा सुटतो आणि धावला कोण, बाप की मुलगा, हा गोंधळ होतो. म्हणून नाम पुन्हा घ्यायचे. एरवी संपादक ज्या पुनरुक्तीवर लाल रेघ मारील, तीच इथे कामाला येते.

ओळ चुकीच्या जागी तुटली तर केवळ शैली बिघडत नाही, शिकवण बिघडते. ‘पापी माणसाला देव स्वीकारत नाही, असं म्हणणारे चुकतात’ हे वाक्य घ्या. स्वल्पविरामाशी थांबण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण तिथे थांबलात, की दुभाषी प्रामाणिकपणे पहिला अर्धा भाग सांगून मोकळा होतो, आणि देव पाप्याला नाकारतो असे मंडळी तुमच्याच तोंडून ऐकते. मागाहून आलेले ‘असं म्हणणारे चुकतात’ त्याला धड जोडताही येत नाही. मराठीत दुसऱ्याच्या मताची चौकट बहुधा मतानंतर येते; या उपदेशात ती आधी आणावी लागते. ‘काही जण एक चुकीची गोष्ट सांगतात. ते म्हणतात, देव पाप्याला स्वीकारत नाही. पण येशू पाप्यांच्या पंगतीला बसला.’ आता कुठेही थांबा, खोटे काही ऐकू जात नाही.

वेळेचा हिशेबही लिहितानाच करावा लागतो. अर्ध्या तासापैकी उपदेशकाच्या वाट्याला तेरा-चौदा मिनिटेच येतात. मिनिटाला शंभर शब्द धरले तर साधारण 1300 शब्द, म्हणजे नऊ-दहा शब्दांच्या सुमारे 140 ओळी. नेहमीचे तीन मुद्दे आणि त्यांचे पोटमुद्दे यांत मावत नाहीत. एक वचन, एक मुद्दा, एक दाखला एवढे मावते. शास्त्रपाठाचा संदर्भ दुभाष्याला आदल्या दिवशीच द्यावा, म्हणजे त्या मंडळीच्या बायबलातलेच शब्द तो वाचू शकेल. अभंग किंवा गीत म्हणायचे असेल, तर त्याचे भाषांतरही आधीच करून घ्यावे.

यावर पहिला आक्षेप असा की, तरबेज दुभाष्याला याची गरज नाही. परिषदांत तो टिपणे घेऊन कित्येक मिनिटांचे भाषण सांगतो. खरे आहे. पण तिथे त्याच्यापुढे वही असते. इथे एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात बायबल असते, आणि मराठी न कळणारी मंडळी तेवढा वेळ मुकाट बसलेली असते. दुसरा आक्षेप कंटाळवाणेपणाचा: तुटक ओळींनी उपदेश बालवाडीचा होईल. तसे होते खरे, पण सगळ्या ओळी सारख्याच मापाच्या असल्या तर. दहा शब्दांच्या ओळीमागून ‘बाप धावला’ अशी दोन शब्दांची ओळ आली, की लय तिथेच जन्मते. 1973 मध्ये सोलच्या योइदो मैदानावर बिली ग्रॅहम यांचा उपदेश किम जांग-ह्वान यांनी कोरियनमध्ये सांगितला, तेव्हा अखेरच्या सभेला दहा लाखांहून अधिक लोक होते. कोरियनमध्येही क्रियापद शेवटी येते, म्हणजे अडचण आपलीच, फक्त उलट्या दिशेची. तरीही वाक्यागणिक थांबण्यामुळे त्या सभेचा जोर ओसरला नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उपदेश आत्म्याच्या प्रेरणेने होतो, तो ओळी मोजून कसा लिहायचा? मी म्हणेन, या शिस्तीने आशय बांधला जात नाही, फक्त वाक्यरचना बांधली जाते. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने अर्थ सांगणारा कोणी नसेल तर मंडळीत गप्प राहा, असे बजावले. तिथला संदर्भ अन्य भाषांच्या दानाचा आहे हे मान्य. पण ऐकणाऱ्याला कळले पाहिजे, हे तत्त्व इथेही लागू पडते. आयत्या वेळी सुचलेले जरूर बोलावे, मात्र पूर्ण विधानांत.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. हस्तलिखितात प्रत्येक विधान स्वतंत्र ओळीवर लिहा. मग कोरा कागद घेऊन पुढचे सगळे झाका आणि दर ओळीला दोन प्रश्न विचारा: उपदेश इथेच थांबला, तर हे वाक्य पुरे आहे का? आणि ते खरे आहे का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तर दुभाषी अडेल. दुसऱ्याचे ‘नाही’ आले तर तो अडणारही नाही, आणि मंडळी भलतेच घेऊन घरी जाईल.