हॉलचे बुकिंग : तयार अॅप की स्वतःचे?
(सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



आपल्या हॉलच्या बुकिंगसाठी तयार अॅप घ्यायचे, की नांदेडच्याच एखाद्या मुलाकडून आपले वेगळे बनवून घ्यायचे, हा विषय आज आहे. सॉफ्टवेअरचे काम करणारा म्हणून मला बोलायला सांगितले. मी फक्त दोनच गोष्टी मांडतो.

पहिली, डबल बुकिंग. आपला हॉल सकाळ, संध्याकाळ किंवा दिवसभर असा दिला जातो. वहीत हे सोपे आहे. पण नवीन बनवणारा बहुतेक वेळा हे तीन वेगळे प्रकार धरतो. मग एका घराने १२ तारखेचा ‘दिवसभर’ घेतला आणि दुसऱ्याने त्याच दिवशीची ‘संध्याकाळ’ मागितली, तर कॉम्प्युटरला दोन्ही निराळे दिसतात अन् तो दोघांनाही पावती देतो! खरे तर ‘दिवसभर’ म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ या दोन जागा एकदम भरल्या पाहिजेत. दुसरी मेख अशी की, दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले तर दोघांनाही हॉल मोकळाच दिसतो. म्हणून ‘एक तारीख, एक वेळ, एकच नोंद’ हा नियम जिथे नोंदी साठतात तिथेच पक्का बसवावा लागतो. नुसत्या गुगल फॉर्ममध्ये तो नसतो. तो आलेला प्रत्येक अर्ज घेतो. कोणतेही अॅप घेण्याआधी दोन मोबाईलवरून हे दोन्ही प्रयोग करून बघा. पाच मिनिटांत कळते.

दुसरी गोष्ट, तेरवी. लग्न, बारसे आधी ठरते; तेरवी कुणाला ठरवता येत नाही. आपल्याकडे दुःखाच्या घराला हॉल आधी मिळतो आणि वाढदिवस पुढे ढकलला जातो. हा नियम तयार अॅपला माहीत नसतो. मग त्यासाठी वेगळे बनवायचे का? मला तसे वाटत नाही. कुणाचा कार्यक्रम पुढे ढकलायचा, हे सचिवांनी घरी जाऊन बोलायचे काम आहे. अॅपमध्ये ‘समितीच्या मंजुरीनंतर पक्के’ अशी सोय असली, की पुरे.

स्वतःचे बनवले तर खर्च एकदाच होत नाही. डोमेन, सर्व्हर दरवर्षी. एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या नियमाप्रमाणे संस्थेची आणि मजकुराचीही आधी नोंदणी. आणि बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तर दुरुस्ती कोण करणार? महिन्याला मोजक्या बुकिंगसाठी हे परवडत नाही. रोज बुकिंग असणाऱ्या मंगल कार्यालयाचे गणित वेगळे.

म्हणून माझे मत तयार अॅपला आहे, पण दोन अटींवर. पैसे थेट सोसायटीच्या खात्यात यावेत आणि सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घेता याव्यात. म्हणजे उद्या अॅप बंद पडले, तरी वही आपल्याच हातात राहील.