साडेचार वाजता काट्यांमधला कोन
साडेचार वाजता घड्याळाच्या दोन काट्यांमध्ये किती अंशांचा कोन होतो? पटकन येणारं उत्तर असतं साठ अंश. मिनिटकाटा सहावर, तासकाटा चारवर, मध्ये दोन घरं आणि प्रत्येक घर तीस अंशांचं. हिशेब सरळ वाटतो, पण चुकतो, कारण साडेचारला तासकाटा चारवर नसतोच. अर्ध्या तासात तो चार आणि पाचच्या बरोबर मध्यावर आलेला असतो.

तासकाटा बारा तासांत ३६० अंश फिरतो, म्हणजे तासाला ३० आणि मिनिटाला अर्धा अंश. मिनिटकाटा तेवढंच अंतर एका तासात कापतो, म्हणजे मिनिटाला ६ अंश. दोन्ही कोन बाराच्या खुणेपासून, काटे फिरतात त्याच दिशेने मोजायचे. साडेचारला तासकाट्याचे चार तासांचे १२० आणि तीस मिनिटांचे १५ मिळून १३५ अंश होतात. मिनिटकाट्याचे तीस गुणिले सहा, म्हणजे १८०. वजाबाकी केली की उरतात ४५ अंश, म्हणजे दीड घर.

हीच रीत कोणत्याही वेळेला चालते. फक्त एक जागा सांभाळावी लागते. दहा वाजून दहा मिनिटांनी तासकाटा ३०५ अंशांवर आणि मिनिटकाटा ६० अंशांवर असतो. फरक येतो २४५. हा काट्यांमधला मोठा, बाहेरच्या बाजूचा कोन झाला. वजाबाकी १८० च्या वर गेली की ती ३६० मधून वजा करायची. इथे लहान कोन ११५ अंशांचा मिळतो.

उत्तर पडताळायचं असेल, तर मिनिटकाटा सहावर असताना तासकाटा नेमका एखाद्या आकड्यावर धरला गेला नाही ना, एवढं आधी पाहावं.