पान अर्धवट का अडकतं?

घरच्या फायबरवर काही पानं पटकन उघडतात, काही नुसती फिरत राहतात. राउटरमधलं ‘आयपीव्ही ६’ बंद केलं, की तीही उघडतात. असं का?

जुन्या आयपीव्ही ४ चे सुमारे ४३० कोटी पत्ते अपुरे पडले, म्हणून आयपीव्ही ६ आलं. दोन्ही मिळाले, तर ब्राउझर सहसा आधी नवा रस्ता धरतो. तो रस्ता बंदच असेल, तर ब्राउझर लगेच जुन्याकडे वळतो. पण जोडणी होऊन फक्त मोठी पाकिटं वाटेत अडली, तर तो ताटकळतो. पीपीपीओई जोडणीत बहुधा १५०० ऐवजी १४९२ बाइटचंच पाकीट मावतं. ‘पाकीट लहान करा’ हा निरोप फायरवॉलने अडवला, की पान अडकतं. अशा वेळी राउटरमध्ये पाकिटाची कमाल मर्यादा, म्हणजे एमटीयू, १४९२ करून आयपीव्ही ६ पुन्हा चालू करून बघा.