पाळीच्या वेळची पोटदुखी

मुलीला पाळीच्या दिवशीं पोटांत दुखूं लागलें म्हणजे घरांतील वडील मंडळींचीं दोन वाक्यें ठरलेलीं असतात. ‘हें सर्वांनाच होतें,’ हें पहिलें. आणि ‘लग्न झालें, एखादें मूल झालें, कीं आपोआप थांबेल,’ हें दुसरें. दोहोंतहि थोडें तथ्य आहे. पुष्कळ मुलींना कमीअधिक दुखतें, आणि बाळंतपणानंतर पुष्कळ स्त्रियांचें दुखणें खरोखरच उतरतें. परंतु जिची शाळा दर महिन्याला दोन दिवस बुडते, त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला या वाक्यांचा उपयोग काय? तिच्या दुखण्याचें कारण आतां चांगलें ठाऊक झालें आहे. तें कारण नीट कळलें म्हणजे गोळी द्यावी कीं न द्यावी, यापेक्षां ती केव्हां द्यावी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असें दिसून येतें.

गर्भाशय ही जाड स्नायूंची, मुठीपेक्षां लहान अशी पिशवी आहे. तिच्या आंतल्या बाजूस दर महिन्याला एक मऊ अस्तर वाढतें. बीजकोशांतून बीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन नांवाचें संप्रेरक त्या अस्तराला सांभाळून धरतें. गर्भ राहिला नाहीं तर सुमारें दोन आठवड्यांनीं या संप्रेरकाचा पुरवठा आटतो. मग अस्तराच्या पेशी मोडूं लागतात, त्यांच्या आवरणांतील स्निग्ध पदार्थांतून अराकिडोनिक आम्ल मोकळें होतें, आणि सायक्लोऑक्सिजनेज नांवाचें एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन या जातीचीं द्रव्यें तयार करतें. हीं द्रव्यें गर्भाशयाच्या स्नायूला आवळावयास लावतात. कारण जुनें अस्तर बाहेर लोटलें गेलें पाहिजे आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या मिटल्या पाहिजेत. म्हणजे हीं द्रव्यें कांहीं रोगाचीं नव्हेत, नित्याच्या कामाचीं आहेत. अडचण होते ती त्यांच्या प्रमाणाची.

ज्या मुलींना फार दुखतें त्यांच्या स्रावांत प्रोस्टाग्लँडिनें सामान्यतः अधिक असतात. स्नायू इतक्या जोरानें आवळतो कीं गर्भाशयांतील दाब मधूनमधून रक्तवाहिन्यांतील दाबालाहि मागें टाकतो, आणि तेवढा वेळ स्नायूला पुरेसें रक्त पोंचत नाहीं. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलें म्हणजे छातींत कळ येते. ओटीपोटांतील ही कळ कांहींशी त्याच जातीची आहे. शिवाय हीं द्रव्यें मज्जातंतूंचीं टोकें हळवीं करून ठेवतात, त्यामुळें थोडें आवळणेंहि अधिक दुखतें. त्यांचा कांहीं अंश रक्तांत मिसळतो, आणि म्हणूनच मळमळ, उलटी, पातळ शौच, डोकेदुखी हीं या दुखण्याच्या बरोबरीनें येतात. मुलीनें कांहीं वेडेंवांकडें खाल्लें म्हणून पोट बिघडलें, असा घरांत तर्क होतो. परंतु पुष्कळदां आंतड्यांना आवळणारें द्रव्यहि तेंच असतें.

या गोष्टी एकदम कळल्या नाहींत. १९३० सालीं न्यूयॉर्क येथें कुर्झरॉक व लीब या दोघांनीं पुरुषाच्या वीर्यानें गर्भाशयाचा स्नायू आवळतो व सैलहि पडतो असें पाहिलें. पुढें १९३५ च्या सुमारास स्वीडनमधील फॉन ऑयलर यांनीं, हें द्रव्य प्रोस्टेट ग्रंथींत तयार होत असावें अशा समजुतीनें, त्याला प्रोस्टाग्लँडिन हें नांव दिलें. १९५७ सालीं पिकल्स या इंग्रज संशोधकानें पाळीच्या स्रावांतच स्नायूला आवळणारें द्रव्य असल्याचें दाखविलें. तें याच कुळांतलें निघालें. आणि १९७१ सालीं जॉन व्हेन यांनीं ॲस्पिरिनच्या गुणाचें मर्म उलगडलें: ॲस्पिरिन शरीरांत प्रोस्टाग्लँडिनें तयारच होऊं देत नाहीं. व्हेन यांना १९८२ सालीं आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें.

व्हेन यांच्या शोधांतच घरगुती उपचाराची किल्ली आहे. ॲस्पिरिनच्या जातीचीं आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड हीं औषधें नव्यानें होणारें उत्पादन थांबवितात. जें द्रव्य आधींच तयार होऊन स्नायूला भिडलें आहे, त्याला तीं परत बोलावीत नाहींत. मुलीनें दुपारपर्यंत दांत आवळून सोसलें आणि मग गोळी घेतली, तर कारखाना बंद होतो, पण भरलेलें कोठार तसेंच राहतें. गोळीचा गुण आला नाहीं असें मग वाटतें. वस्तुतः गोळी उशीरां आलेली असते.

उदाहरणादाखल एक पंधरा वर्षांची, पंचेचाळीस किलो वजनाची मुलगी घेतां येईल. तिला बाराव्या वर्षीं पाळी आली. पहिलें वर्षभर कांहीं दुखलें नाहीं, आणि तें साहजिक होतें. सुरुवातीच्या पाळ्यांत बहुधा बीज बाहेर पडत नाहीं, त्यामुळें प्रोजेस्टेरॉनचा चढउतार नसतो व प्रोस्टाग्लँडिनेंहि बेताचींच असतात. चौदाव्या वर्षापासून मात्र दुखूं लागलें. सकाळीं सातला कंबर भरून येते, नऊला स्राव सुरू होतो, बाराला कळा असह्य होतात, एकला उलटी होते. दोनला आई पॅरासिटामॉलची एक गोळी देते. तिचा फारसा उपयोग होत नाहीं. कारण एक तर ती उशीरां दिलेली असते, आणि दुसरें, पॅरासिटामॉल या कामांत वरील औषधांपेक्षां दुबळें असतें.

आतां याच मुलीला डॉक्टरांनीं आयबुप्रोफेन घेण्यास सांगितलें आहे. कंबर भरून येतांच, म्हणजे सातलाच, थोडें खाऊन ती ४०० मिलीग्रॅमची एक गोळी घेते. दुपारीं तीनला दुसरी, रात्रीं झोपण्यापूर्वीं तिसरी. दिवसाचे १२०० मिलीग्रॅम होतात, आणि यापुढें डॉक्टरांच्या सांगण्यावांचून जावयाचें नसतें. दुसऱ्या दिवशीं दुखो वा न दुखो, ती त्याच वेळा पाळते; तिसऱ्या दिवशीं गरज भासली तरच घेते. सोबत ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवते; या शेकाचा गुण हा केवळ आजीबाईंचा समज नसून चाचण्यांतहि दिसून आला आहे. ज्या मुलीची पाळी ठरल्या दिवशीं येते तिनें आदल्या दिवसापासून सुरुवात केली तरी चालते. असा क्रम ओळीनें तीन पाळ्या नीट पाळावा, आणि दुखणें किती, गोळी कितीला घेतली, शाळा बुडाली कीं काय, हें एका वहींत लिहून ठेवावें. तीन महिन्यांच्या त्या चार ओळी डॉक्टरांना पुष्कळ सांगून जातात.

सवय लागेल, या भीतीनें पुष्कळ घरांत गोळी टाळली जाते. महिन्यांतून दोन-तीन दिवस घेतलेल्या या गोळ्यांची चटक लागत नाहीं, आणि पुढें मूल होण्यासहि त्यांनीं बाध येत नाहीं. खऱ्या अडचणी निराळ्याच आहेत. पोटांत व्रण असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा ॲस्पिरिननें दमा उसळत असेल, तर हीं औषधें वर्ज्य होत. तापांत डेंग्यूचा संशय असतां तीं घेऊं नयेत. मेफेनॅमिक ॲसिड आपल्याकडे फारच सर्रास घेतलें जातें. त्याच्या एका क्वचित् पण गंभीर प्रतिक्रियेविषयीं भारतीय औषधकोश आयोगानें २०२३ सालीं सावधगिरीची सूचना काढली. गोळी सुरू केल्यानंतर कांहीं आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, गांठी सुजणें असें झाल्यास ती थांबवून डॉक्टरांना दाखवावें.

वेळेवर व पुऱ्या मात्रेनें तीन पाळ्या गोळ्या घेऊनहि शाळा बुडतच असेल, किंवा वरील कारणांमुळें त्या घेतां येत नसतील, तर पुढची पायरी संप्रेरकांची. या पायरीचें नांव निघतांच आईबाप बिचकतात, कारण हींच औषधें संततिनियमनासाठीं वापरलीं जातात. परंतु येथें हेतु निराळा असतो. या गोळ्यांनीं बीज बाहेर पडणें थांबतें आणि गर्भाशयाचें अस्तर पातळच राहतें. अस्तर पातळ, म्हणून प्रोस्टाग्लँडिनांचा कच्चा माल थोडा. म्हणून आवळणेंहि सौम्य. पहिलीं औषधें एन्झाइमला अडवितात, हीं त्याच्याहि मागें जाऊन मालच कमी करतात. स्राव फार जात असेल तर तोहि उतरतो. गोळ्या थांबविल्या कीं पाळी पूर्ववत् होते. पुढील मातृत्वाला त्या आड येत नाहींत.

हीं औषधें मात्र दुकानांतून परस्पर आणावयाचीं नव्हेत. नेहमींच्या संयुक्त गोळींत इस्ट्रोजेन असतें, आणि तें रक्त गोठण्याची प्रवृत्ति थोडी वाढवितें. म्हणून मुलीचा रक्तदाब पाहावा लागतो. घरांत कोणाच्या पायांत वा फुप्फुसांत रक्ताची गांठ झाली होती काय, हें विचारावें लागतें. आणि डोळ्यांपुढें लखलखाट होऊन मग अर्धशिशी उठत असेल तर ती गोळी देत नाहींत. अशा मुलींसाठीं नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीचीं औषधें असतात. येथेंहि गुण येण्यास सुमारें तीन महिने द्यावे लागतात. पहिल्या महिन्यांतील थोडी मळमळ किंवा मधलें डागणें पाहून औषध टाकूं नये.

राहतां राहिली एक गोष्ट, आणि तीच सर्वांत अधिक चुकते. वर सांगितलेलें दुखणें पाळीबरोबर येतें, दोन-तीन दिवसांत जातें, आणि उपचाराला दाद देतें. जें या नियमांत बसत नाहीं, त्याचें कारण निराळें शोधलें पाहिजे. अगदीं पहिल्या पाळीपासूनच तीव्र दुखणें व तें महिनोमहिने वाढत जाणें, हें स्रावाची वाट जन्मतः कोठेंतरी अडलेली असल्याचें लक्षण असूं शकतें. पंधरा वर्षें होऊनहि पाळी नाहीं, पण दर महिन्याला पोट मात्र दुखतें, हेंहि तसेंच. पाळी नसतांनाहि दुखणें, शौचाच्या वेळीं कळ येणें, आणि दोन्ही प्रकारचीं औषधें निष्फळ ठरणें, यांवरून एन्डोमेट्रिओसिसचा संशय घ्यावा लागतो. त्यांत गर्भाशयाच्या अस्तरासारखीं ऊतकें गर्भाशयाबाहेर रुजतात. सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून हा विकार नाहींच, असें ठरत नाहीं. आणि एका बाजूस एकाएकी भयंकर कळ उठून उलट्या होऊं लागल्या, तर बीजकोशाला पीळ पडलेला असूं शकतो; तेव्हां पाळीचें निमित्त पुढें करून सकाळपर्यंत थांबूं नये, त्याच रात्रीं रुग्णालय गांठावें.

तेव्हां ‘हें सर्वांनाच होतें’ असें म्हणण्यापूर्वीं घरांत तीन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत: गोळी दुखणें चढण्याच्या आधीं घेतली होती काय, ती पुऱ्या मात्रेनें दोन दिवस चालविली होती काय, आणि असें तीन पाळ्या करूनहि मुलगी अंथरुणालाच खिळली आहे काय? पहिल्या दोहोंचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर उपाय घरांतच आहे. तिन्हींचें ‘होय’ असेल तर ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्याची वेळ आली आहे.