तिकीट एकच, देश दुसरा

चिलीत सान्तियागोहून कालामाला जायचं आहे, अटाकामा वाळवंट पाहायला. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर देश ‘चिली’ निवडला, की त्याच विमानाचं भाडं स्थानिक पेसोंमध्ये दिसतं आणि कधी कधी ते कमी असतं. मात्र तिथे 90.000 म्हणजे नव्वद नव्हे, नव्वद हजार पेसो. त्यांच्याकडे हजारांनंतर टिंब देतात.

आता हिशेब करू. समजा, इतर देशांसाठीच्या पानावर भाडं 9,000 रुपये आहे आणि चिलीच्या पानावर 8,400 रुपयांइतकं. तुमच्या कार्डाचं परकीय चलन शुल्क साडेतीन टक्के असेल, तर 294 रुपये वाढले. त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 53 रुपये. एकूण 8,747. सहाशेंची बचत अडीचशेवर आली. त्या भाड्यात मोठी बॅग धरलेली नसेल, तर ही बचतही उरत नाही.

पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ असा पर्याय आला, तर तो सहसा घेऊ नका. त्यात दर महाग लावलेला असतो. तिकीट रद्द केलं, तर परतावा पेसोंत आणि त्या दिवशीच्या दराने येतो.

दक्षिण अमेरिकेत काही भाडी फक्त तिथल्या रहिवाशांसाठी असतात. विमानतळावर ओळखपत्र मागितलं, तर फरक भरावा लागतो. म्हणून पैसे भरण्याआधी भाड्याच्या अटी उघडून ‘residente’ हा शब्द आहे का, ते जरूर पाहा.