घरातील सर्वांत जवळची तारीख



अमेरिकेत एच-1बी परवान्यावर नोकरी करणाऱ्यांच्या मुदतवाढीविषयी मला थोडे सांगावयाचे आहे. ही मुदतवाढ आपणांस स्वतः मागता येत नाही. अर्ज मालकाच्या नावाने जातो. म्हणून मालकास केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हाच खरा प्रश्न.

प्रथम तारीख पाहावी. पुष्कळजण पासपोर्टवरील व्हिसाच्या शिक्क्याकडे पाहतात, पण तो केवळ प्रवेशापुरता. येथे राहण्याची मुदत आय-94 नोंदीवर असते आणि ती घरातील प्रत्येकाची वेगळी असते. येथेच घोटाळा होतो. पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर विमानतळावरचा अधिकारी मुदत बहुधा तेथपर्यंतच देतो. आणि आपल्या मुलांचा भारतीय पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा!

समजा, वडिलांची मुदत 30 सप्टेंबरपर्यंत आहे आणि मुलीची, पासपोर्टामुळे, 15 जूनपर्यंतच. अर्ज नव्या मुदतीच्या आरंभापूर्वी सहा महिन्यांपासून, म्हणजे 1 एप्रिलपासून, करता येतो. मालकाच्या अर्जात कुटुंब आपोआप येत नाही. पत्नी व मुलांसाठी आय-539 हा वेगळा अर्ज लागतो. तेव्हा दोन्ही अर्ज एप्रिल-मे महिन्यांत एकत्र धाडावेत, आणि मुलीचा पासपोर्ट त्याआधीच नवा करून घ्यावा. सप्टेंबरची वाट पाहिली, तर मुलगी जूनच्या मध्यापासून बेकायदा ठरेल आणि घरात कोणाला कळणारही नाही.

मालकास फेब्रुवारीतच लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले विसरले जाते. पत्र साधे असावे: “माझी मुदत 30 सप्टेंबरला व मुलीची 15 जूनला संपते. अर्ज 1 एप्रिलपासून करता येईल. त्यापूर्वी कामगार खात्याची वेतनविषयक मंजुरी लागते. तिला सुमारे सात कामकाजाचे दिवस जातात. कंपनी अर्ज करणार आहे काय, व वकील कोण, हे 1 मार्चपर्यंत कळवावे.” सोबत पासपोर्ट, आय-94, पूर्वीचे मंजुरीपत्र आय-797, पदवीपत्र, अलीकडच्या पगारपावत्या आणि डब्ल्यू-2 यांच्या प्रती जोडाव्यात. काम दुसऱ्या कंपनीच्या जागी चालत असेल, तर तिचेही पत्र लागू शकते, आणि ते मिळण्यासच बहुधा अधिक वेळ लागतो.

मुदतीपूर्वी अर्ज दाखल झाला, तर निर्णय येईपर्यंत त्याच मालकाकडे 240 दिवस काम करता येते. आपल्या उदाहरणात जवळजवळ पुढील मेअखेरपर्यंत. मात्र वकिलाने “कागद तयार आहेत” म्हटले म्हणजे अर्ज दाखल झाला असे नव्हे. सरकारची पोचपावती आपल्या हाती आली पाहिजे. ती मागताना संकोच करू नये. आणि मुलीच्या अर्जाची पावती वेगळी असते, तीही मागावी.